पॉइंट साठवावेत की कॅशबॅक घ्यावा? एका घराच्या वर्षभराच्या खर्चावरून हिशेब

नरेंद्रनगरकर:

आमचा क्रेडिट कार्डावरचा खर्च महिन्याला सरासरी 30,000 रुपये आहे. किराणा, कपडे, औषधे आणि बाहेरचे जेवण मिळून 12,000, ऑनलाइन खरेदी 7,000, पेट्रोल 4,000, वीज-मोबाइल-इंटरनेट 4,000 आणि विम्याचे हप्ते सरासरीने 3,000. सध्याच्या कार्डावर दर 150 रुपयांना 4 पॉइंट मिळतात. पेट्रोल आणि बिलांवर मिळत नाहीत. गेल्या वर्षी 210 व्यवहारांवर 6,600 पॉइंट जमले. भाऊ म्हणतो, ऑनलाइनवर 5 टक्के आणि दुकानात 1 टक्का देणारे कॅशबॅक कार्ड घे. यजमान म्हणतात, पॉइंटांतून विमानाचे तिकीट निघते. खरी बचत कशात आहे?

मिहानचा प्रवासी:

तुमच्या यजमानांचे म्हणणे बरोबर आहे. कॅशबॅक म्हणजे बिलातून गुपचूप वजा होणारी रक्कम. ती कधी आली आणि कधी किराण्यात विरघळली हे कळतही नाही. पॉइंट मात्र साठतात आणि नीट वापरले तर त्यांची किंमत वाढते. मी कामानिमित्त महिन्यातून दोनदा दिल्लीला जातो आणि माझ्या कार्डावर विमानाची तिकिटे व हॉटेल बँकेच्या पोर्टलवरून घेतली की कित्येक पट पॉइंट मिळतात. ते पॉइंट मी विमान कंपनीच्या माइल्समध्ये वळवतो आणि दिवाळीच्या दिवसांत, जेव्हा पुण्याचे तिकीट परवडत नाही, तेव्हा वापरतो. गेल्या वर्षी कार्डावर 12 लाख रुपये खर्च झाले आणि त्यातून मला 36,000 रुपयांचा प्रवास मिळाला, म्हणजे सरळ 3 टक्के. दुकानात 1 टक्का देणाऱ्या कार्डाने हे कधी साधेल?

शिवाय विमानतळावरचा लाउंज वेगळा. त्याचा हिशेब तर कोणी धरतच नाही.

सीताबर्डीचा हिशेबनीस:

प्रवासी भाऊ, तुमचा हिशेब तुमच्यापुरता बहुधा बरोबर आहे, पण तो या ताईंना लागू होत नाही. तुमच्या 12 लाखांपैकी बराच खर्च तुमची कंपनी भरून देत असणार, आणि तुम्ही कार्डाची वार्षिक फी सांगितलेली नाही. अशा कार्डांची फी 10,000 रुपये असेल तर 18 टक्के जीएसटी धरून 11,800 होतात. ते 36,000 मधून वजा केले की 24,200 उरतात, म्हणजे 2 टक्क्यांच्या आसपास. वाईट नाही, पण 3 टक्केही नाही.

ताई, आता तुमच्या आकड्यांकडे येतो. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या खतावण्या तपासण्यात गेली, त्यामुळे पहिली खटकलेली गोष्ट आधी सांगतो. पॉइंट मिळण्याजोगा तुमचा खर्च म्हणजे पेट्रोल आणि बिले वगळून महिन्याला 22,000, वर्षाला 2,64,000. दर 150 ला 4 या दराने 7,040 पॉइंट यायला हवे होते, पण आले 6,600. उरलेले 440 कुठे गेले? बँकेने चोरले नाहीत. ते नियमातच मुरले. पॉइंट प्रत्येक व्यवहाराच्या पूर्ण 150 रुपयांवर मोजले जातात, महिन्याच्या बेरजेवर नाही. औषधाच्या दुकानात 290 रुपयांचे बिल झाले तर 150 चे 4 पॉइंट मिळतात आणि उरलेले 140 रुपये हिशेबात धरलेच जात नाहीत. 140 रुपयांच्या बिलाला तर काहीच मिळत नाही. दर व्यवहारामागे सरासरी 75-80 रुपये असे वाया जातात आणि 210 व्यवहारांचे साडेसोळा हजार रुपये होतात. तुमचे 440 पॉइंट तिथे आहेत.

आता जमलेल्या 6,600 पॉइंटांची किंमत पाहू. एका पॉइंटची किंमत किती, या प्रश्नाला एक उत्तर नाही, आणि पॉइंटांचा सगळा घोळ इथेच आहे. तुमच्यासारख्या बऱ्याच कार्डांवर साधारण असे दर दिसतात: पोर्टलवरून विमान किंवा हॉटेल घेतले तर पॉइंटला 50 पैसे, वस्तूंच्या यादीतून मिक्सर किंवा बॅग घेतली तर 35 पैसे आणि थेट बिलात जमा करून घेतले तर 20 पैसे. तुमच्या कार्डाचे दर बँकेच्या संकेतस्थळावर पाहून घ्या, पण तूर्तास हेच धरू. म्हणजे त्याच 6,600 पॉइंटांचे एका वाटेने 3,300, दुसरीने 2,310 आणि तिसरीने 1,320 रुपये होतात. त्यातून पॉइंट वापरण्याची फी 99 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 117 रुपये, दर वेळी जातात. सर्वांत चांगल्या वाटेनेही हातात येतात 3,183.

कॅशबॅक कार्डाचे पाहू. ऑनलाइनच्या 7,000 वर 5 टक्क्यांनी 350 आणि दुकानांतल्या 12,000 वर 1 टक्क्याने 120, असे महिन्याला 470 आणि वर्षाला 5,640 होतात. यात मी विम्यावर शून्य धरले आहे, कारण अशा बहुतेक कार्डांवर विमा, पेट्रोल आणि बिले वगळलेली असतात. तरीही 3,183 च्या समोर 5,640 आहेत, आणि ते मिळवण्यासाठी कोणत्याही पोर्टलवर जावे लागत नाही.

टक्केवारी काढताना एक पथ्य पाळा. भागाकार पॉइंट मिळणाऱ्या खर्चाने न करता कार्डावरच्या सगळ्या खर्चाने, म्हणजे 3,60,000 ने करा. तुमचे पॉइंट तसे 0.88 टक्के पडतात आणि कॅशबॅक 1.57 टक्के. कार्डाच्या जाहिरातीत यांपैकी एकही आकडा सापडणार नाही.

वर्धा रोडवरून:

कॅशबॅकवर मर्यादा असते हे कोणी सांगतच नाही. माझ्या कार्डावर महिन्याला 2,000 रुपयांच्या वर कॅशबॅक मिळत नाही. गेल्या दिवाळीत 60,000 चा फ्रिज ऑनलाइन घेतला. 3,000 मिळायला हवे होते, हाती 2,000 आले. पॉइंटांना अशी मर्यादा नसते, म्हणून मोठी खरेदी करणाऱ्याने पॉइंटच घ्यावेत.

सीताबर्डीचा हिशेबनीस:

मर्यादेचे तुमचे म्हणणे अर्धे खरे आहे. फ्रिजवर तुमचे 1,000 रुपये बुडाले, हे मान्य. पण तोच फ्रिज ताईंच्या पॉइंट कार्डावर घेतला असता तर 150 चे 400 भाग, म्हणजे 1,600 पॉइंट, म्हणजे चांगल्या वाटेनेही 800 रुपये मिळाले असते. मर्यादा लागूनही तुम्हाला 2,000 मिळाले. मर्यादा आहे म्हणून पॉइंट चांगले, असे त्यातून निघत नाही. एका बिलाच्या कालावधीत 40,000 च्या पुढची ऑनलाइन खरेदी पुढच्या कालावधीत ढकलावी, एवढेच निघते. आणि पॉइंटांना मर्यादा नसते हेही बरोबर नाही: किराणा, विमा अशा खर्चांवर महिन्याला अमुक पॉइंट अशी मर्यादा अनेक कार्डांवर असते, ती फक्त नियमांच्या कागदात खाली बारीक अक्षरांत असते.

एक मात्र विचारतो. फ्रिज हप्त्यांवर घेतला होता का? कारण हप्त्यांत बदललेल्या खरेदीवर बहुतेक कार्डे पॉइंट किंवा कॅशबॅक देत नाहीत, किंवा दिलेला परत घेतात.

वर्धा रोडवरून:

नाही, एकरकमी घेतला होता.

इतवारीतून:

मी दुकानदाराच्या बाजूने लिहिते, कारण हे 5 टक्के आणि 50 पैसे ज्या यंत्रातून जातात ते माझ्या गल्ल्याजवळ ठेवलेले आहे. गिऱ्हाईक कार्ड घासते तेव्हा माझ्या पैशांतून दीड ते दोन टक्के कापून उरलेले माझ्या खात्यात येतात. म्हणून सोन्याच्या दुकानांत आणि आमच्यासारख्या कापडाच्या ठोक व्यवहारात रोखीचा भाव वेगळा आणि कार्डाचा वेगळा असतो. माझ्या बहिणीने सराफ्यात एक लाखाचे दागिने घेतले आणि पॉइंटांच्या मोहाने कार्ड दिले. सराफाने 2 टक्के वर लावले, म्हणजे 2,000 रुपये. तिला पॉइंट किती मिळाले, हे ती अजून मोजते आहे. तुमच्या चर्चेत ही रक्कम कुठेच दिसत नाही.

सीताबर्डीचा हिशेबनीस:

आपण मोजूनच टाकू. बहिणीचे कार्ड ताईंसारखे असेल तर एक लाखात 150 चे 666 पूर्ण भाग, त्याचे 2,664 पॉइंट, आणि तिकिटाच्या वाटेने 1,332 रुपये. तिने 2,000 देऊन 1,332 घेतले. कॅशबॅक कार्ड असते तरी फार फरक पडला नसता, कारण सोने बहुतेक ठिकाणी वगळलेले असते, आणि नसले तरी 1 टक्का म्हणजे 1,000. जिथे दुकानदार वर काही लावतो तिथे दोन्ही कार्डे खिशातच ठेवावीत.

महालातला वाचक:

माझा अनुभव उलट आहे. मी सगळे पैसे यूपीआयने देतो आणि मला रोज कॅशबॅक मिळतो, कधी 3 रुपये, कधी 11 रुपये, कधी एखाद्या ऍपचे कूपन. वार्षिक फी नाही, पॉइंट नाहीत. मग कार्डाचा एवढा हिशेब कशासाठी मांडता?

मिहानचा प्रवासी:

दादा, तो स्क्रॅच कार्डाचा कॅशबॅक आहे. तो बँकेच्या क्रेडिट कार्डाचा नव्हे, तर ऍपवाल्याच्या मर्जीचा असतो. इथला प्रश्न वेगळा आहे. 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते, पण त्यातून फक्त दुकानदाराला पैसे देता येतात, ओळखीच्या माणसाला नाही. आणि अशा व्यवहारांवर किती पॉइंट द्यायचे हे प्रत्येक कार्डाचे वेगळे असते. काहींवर कमी मिळतात, काहींवर मिळतच नाहीत.

हिशेबनीस काका, आता मूळ मुद्दा. तुम्ही पॉइंटला 50 पैसे धरले, ते मान्य. पण कॅशबॅकचे 470 रुपये दर महिन्याला येतात आणि जिरतात, तर पॉइंटांचे तिकीट डोळ्यांसमोर दिसते. माझ्या मुलीने आजीला भेटायला नागपूरहून पुण्याला जायचे तिकीट पॉइंटांतून घेतले. ते कॅशबॅकमधून कधीच घेतले गेले नसते. ही बचत नाही का?

सीताबर्डीचा हिशेबनीस:

त्या तिकिटाचे आकडे आहेत का तुमच्याकडे? असतील तर इथे लिहा.

मिहानचा प्रवासी:

आहेत. पोर्टलवर तिकीट 5,240 चे होते. 5,000 पॉइंट लावले, म्हणजे 2,500 रुपये, आणि वरचे 2,740 कार्डाने दिले. पॉइंट निम्म्यापेक्षा जास्त लावता येत नव्हते.

सीताबर्डीचा हिशेबनीस:

त्याच दिवशी तेच विमान विमान कंपनीच्या संकेतस्थळावर कितीला होते?

मिहानचा प्रवासी:

4,850 ला. पोर्टलवर सोयीचे शुल्क धरलेले होते. मी पाहिले होते, पण पॉइंट वापरायचे होते म्हणून तिकडे गेलो.

सीताबर्डीचा हिशेबनीस:

मग तुमचा पॉइंट 50 पैशांचा नव्हता. पॉइंट न वापरता तेच तिकीट 4,850 ला मिळाले असते. पॉइंट लावून 2,740 दिले. वाचले 2,110. त्याला 5,000 ने भागा: 42 पैसे. पॉइंटची खरी किंमत मी अशीच काढतो. तीच गोष्ट बाहेर सर्वांत स्वस्त ज्या भावात मिळाली असती तो भाव घ्यायचा, त्यातून खिशातून गेलेली रक्कम वजा करायची आणि उरलेल्याला वापरलेल्या पॉइंटांनी भागायचे. पोर्टलवर लिहिलेला दर हा बँकेने ठरवलेला असतो. तुमचा दर तुमच्या तिकिटावरून निघतो. वस्तूंच्या यादीत हा फरक आणखी मोठा असतो, कारण तिथे मिक्सरची किंमत छापील धरलेली असते आणि सीताबर्डीत तोच मिक्सर कोणी छापील किमतीला घेत नाही.

आजीला भेटण्याचा आनंद मी मोजणार नाही. पण ते तिकीट एरवी घेतले नसते असे तुम्हीच म्हणता. मग त्यात बचत नाही, तो एक चांगला खर्च आहे ज्याचा काही भाग बँकेने दिला. ज्याला प्रवास करायचाच आहे त्याच्यासाठी ती बचत ठरेल.

मिहानचा प्रवासी:

इथे आपले जमणार नाही. माणूस पैसे वाचवतो ते शेवटी अशाच गोष्टींसाठी. 42 पैशांचे मी मान्य करतो. पण माइल्समध्ये वळवले तर एका पॉइंटचा दीड रुपयाही मी काढलेला आहे, ऐन सणाच्या तिकिटावर. आणि लाउंजबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत.

सीताबर्डीचा हिशेबनीस:

माइल्सचे खरे आहे. सुटी ठरलेली नसलेल्या, तिकीट रात्री दोनला शोधणाऱ्या माणसाला ते जमते. पण तुमच्या कार्डाला ती सोय आहे, ताईंच्या कार्डाला असेलच असे नाही. लाउंजची किंमत मी तेवढीच धरतो जेवढे पैसे तुम्ही लाउंज नसताना विमानतळावर दिले असते. पोहे आणि चहा घेतले असते तर पोहे आणि चहा. तिथल्या जेवणाची छापील किंमत कोणी धरू नये.

नरेंद्रनगरकर:

मी काल रात्री वर्षभराची स्टेटमेंट काढून बसले आणि एक गोष्ट सापडली, जी आधी सांगायला हवी होती. जूनच्या स्टेटमेंटमध्ये वार्षिक फी 2,500 आणि त्याखाली जीएसटी 450 अशा दोन ओळी आहेत. आम्हाला वाटत होते की वर्षाला 3 लाखांवर खर्च केला की फी माफ होते आणि आमचा खर्च तर 3,60,000 आहे. बँकेला फोन केल्यावर कळले की पेट्रोल आणि बिले या 3 लाखांत धरली जात नाहीत. म्हणजे त्यांच्या हिशेबाने आमचा खर्च 2,64,000 भरला.

सीताबर्डीचा हिशेबनीस:

मग चित्रच बदलले. फी 2,950 गेली. तिकिटाच्या वाटेने 3,183 आले होते, त्यातून ती वजा केली तर वर्षभराच्या 3,60,000 च्या खर्चावर तुमच्या हाती 233 रुपये राहिले. वस्तूंच्या यादीतून घेतले असेल तर 757 रुपयांचा तोटा, आणि बिलात जमा करून घेतले असेल तर 1,747 रुपयांचा. तुम्ही त्यांतले काय केले होते?

नरेंद्रनगरकर:

यजमानांनी प्रवासी बॅग घेतली होती, यादीतून. ती अजून कपाटावर आहे.

इतवारीतून:

आमच्याकडे अशाच बॅगा घाऊक मिळतात, ताई. किंमत इथे लिहीत नाही, उगाच वाद होईल.

वर्धा रोडवरून:

कॅशबॅक कार्डालाही फी असते की. तिथेही अशीच अट निघाली तर?

सीताबर्डीचा हिशेबनीस:

रास्त प्रश्न आहे आणि तो आधी विचारलाच पाहिजे. समजा त्या कार्डाची फी 999 अधिक जीएसटी, म्हणजे 1,179 आहे आणि 2 लाखांच्या खर्चावर माफ होते. ताईंचा कॅशबॅक मिळण्याजोगा खर्च वर्षाला 2,28,000 आहे, म्हणजे वगळलेले प्रकार धरले नाहीत तरी माफी बसते. पण 28,000 चीच सवड आहे. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या कार्डावर थोडी खरेदी गेली, किंवा एखादी मोठी वस्तू परत केली आणि तिची रक्कम वजा झाली, तर सवड संपते.

दुसरे, दुकान कोणत्या प्रकारात नोंदलेले आहे हे आपल्याला दिसत नाही. बँक दुकानाच्या पाटीवरून ठरवत नाही. यंत्राला लागलेल्या चार आकडी संकेतांकावरून ठरवते. पेट्रोल पंपाच्या आवारातल्या दुकानात बिस्किटे घेतली आणि यंत्र पंपाचेच असले तर ती बँकेच्या लेखी पेट्रोलच. कॅशबॅक अपेक्षेपेक्षा कमी आला तर पहिल्यांदा हे पाहावे. नव्या दुकानात पहिली खरेदी लहान करावी आणि पुढच्या स्टेटमेंटमध्ये तिच्यावर काही आले का ते बघावे, एवढाच उपाय मला माहीत आहे.

आणि यातला एकही आकडा उरत नाही जर बिल एखाद्या महिन्यात पूर्ण भरले गेले नाही. महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, ते खरेदीच्या दिवसापासून मोजले जाते आणि त्यावर पुन्हा जीएसटी. 30,000 च्या थकबाकीवर एका महिन्यातच हजाराच्या वर जातात, म्हणजे दोन महिन्यांहून जास्त कॅशबॅक.

नरेंद्रनगरकर:

बिल आम्ही नेहमी पूर्ण भरतो. आता शेवटची अडचण सांगते. मी बँकेला कार्ड बंद करायचे आहे असे सांगितले, तर समोरच्या बाईंनी लगेच सवलत देऊ केली: पुढच्या 90 दिवसांत 60,000 खर्च केल्यास फीचे सगळे 2,950 परत. यजमानांचा आग्रह आहे की घ्यावी. मला वाटते की पुन्हा त्याच चक्रात अडकू.

मिहानचा प्रवासी:

घ्या. फोन केल्याशिवाय अशी सवलत मिळत नाही. मीही दर वर्षी मागतो.

सीताबर्डीचा हिशेबनीस:

या एका गोष्टीत मी प्रवासी भाऊंच्या बाजूला आहे, पण आधी त्या बाईंकडून ईमेलवर लिहून घ्या की 60,000 मध्ये कोणते खर्च धरणार. पेट्रोल आणि बिले वगळली तर तुमचा तीन महिन्यांचा खर्च 66,000 होतो. अट पूर्ण होते, पण जेमतेम. विमाही वगळणार असतील तर 57,000 च उरतात आणि सवलत हुकते.

धरले जातील असे समजू. तीन महिने खर्च जुन्या कार्डावर ठेवलात तर कॅशबॅकचे 470 च्या हिशेबाने 1,410 रुपये सोडावे लागतील. समोर 2,950 परत आणि साधारण 1,650 नवे पॉइंट मिळतील. फायद्याचे आहे. मात्र नवे कार्ड आत्ताच घेऊन ठेवू नका. त्याचे वर्ष सुरू होईल, पहिले तीन महिने त्यावर काही पडणार नाही आणि वर्षाचा खर्च 2,28,000 ऐवजी 1,71,000 होऊन 2 लाखांची माफी हातची जाईल. 90 दिवस संपू द्या, 2,950 स्टेटमेंटमध्ये जमा झालेले दिसू द्या, मग अर्ज करा.

जुने कार्ड बंद करण्याच्या आधी त्यावरचे सगळे पॉइंट वापरून टाका, कारण बंद झाल्यावर ते सहसा परत मिळत नाहीत. बंद करण्याचा अर्ज लेखी द्या. थकबाकी नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचे असते, नाहीतर बंद होईपर्यंत बँकेने तुम्हाला दिवसाला 500 रुपये द्यायचे असतात.

नरेंद्रनगरकर:

ईमेल आज सकाळीच मागितला. पॉइंट पाहिले, 9,200 आहेत, त्यांतले 1,900 पुढच्या महिन्यात बाद होणार आहेत. यजमान दिवाळीच्या पुण्याच्या तिकिटाचे दोन्हीकडचे भाव कागदावर लिहून बसले आहेत आणि विचारत आहेत की परतीचे तिकीट वेगळे घेतले तर 117 रुपये दोनदा लागतील का.

सीताबर्डीचा हिशेबनीस:

लागतील, दर वेळी लागतात. जाणे-येणे एकाच बुकिंगमध्ये घ्यायला सांगा.